आधी कापड तपासा, मग बाजार ठरवा

"निर्यातीत पैसे लवकर सुटतात, म्हणून आधी निर्यात," असं अनेक कापड उत्पादक म्हणतात.

पैसे सुटतात ते माल पास झाला तरच. आमची पहिली निर्यात ऑर्डर शेडवर, म्हणजे रंगाच्या छटेवर, अडकली. दोन डाय-लॉटमधला, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत रंगवलेल्या कापडातला, फरक साध्या उजेडात दिसत नव्हता, ठरावीक प्रकाशात रंग तपासायच्या खरेदीदाराच्या लाइट बॉक्समध्ये लगेच दिसला. तेच तागे देशातल्या वितरकाने वेगवेगळ्या दुकानांत पाठवले असते, तर कुणी हूं की चूं केलं नसतं. निर्यातीत मात्र सगळे तागे एकाच कटिंग टेबलावर येतात आणि एकाच शर्टाची बाही वेगळी दिसते.

म्हणून आधी देशातलाच माल तपासा: शेड लाइट बॉक्समध्ये, आणि विणीतले व इतर दोष फोर-पॉइंट पद्धतीने, ज्यात प्रत्येक दोषाला आकारानुसार 1 ते 4 पॉइंट देतात. 100 चौरस यार्डांत 40 पॉइंट ही बहुतेक खरेदीदारांची मर्यादा असते. सलग काही महिने त्याच्या आत राहिलात, तर खुशाल निर्यातीत उतरा. नाकारलेला माल खपवायलाही देशातले वितरकच लागतात, आमच्याकडे तेव्हा तेही पुरेसे नव्हते.