प्रतिवाद: एकाआड एक दुहेरी बंध म्हणजे स्थिर वलय नव्हे

“बेंझीनमधले दुहेरी बंध सतत जागा बदलत राहतात, म्हणूनच ते इतके स्थिर आहे, आणि एकाआड एक दुहेरी बंध असलेले कोणतेही वलय याच कारणाने स्थिर असते.”

पहिले विधान मोजमापाशी जुळत नाही. बेंझीनमधल्या सहाही कार्बन-कार्बन बंधांची लांबी एकच, सुमारे 139 पिकोमीटर आहे, म्हणजे एकेरी आणि दुहेरी बंधांच्या मधली. दुहेरी बंधांच्या जागा बदलून कागदावर काढलेली बेंझीनची दोन चित्रे म्हणजे आलटून पालटून येणाऱ्या दोन अवस्था नव्हेत. एकाच अवस्थेचे वर्णन करायला एक चित्र पुरत नाही, इतकाच त्यांचा अर्थ आहे.

दुसरे विधान अधिक घातक आहे, कारण ते ऐकताच पटते. ते तपासण्याची सोपी रीत जर्मन शास्त्रज्ञ एरिक ह्युकेल यांनी 1931 मध्ये दिली. वलयातील अणूंचा एक मॅट्रिक्स मांडायचा, ज्यात बंधाने जोडलेल्या अणूंसाठी 1 आणि बाकी सर्वत्र 0 असेल. त्याचे प्रत्येक आयगेनमूल्य x इलेक्ट्रॉनांसाठी एक पातळी देते, जिची ऊर्जा α + xβ असते. इथे α म्हणजे एकट्या कार्बन अणूवरच्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा आणि β म्हणजे बंधाने जोडलेल्या दोन शेजारी अणूंमधल्या जोडणीची ऊर्जा. β ऋण असल्यामुळे x जितका मोठा, तितकी पातळी खाली. पडताळाही हातानेच घेता येतो: अणूंवर आकडे लिहायचे आणि प्रत्येक अणूच्या शेजाऱ्यांची बेरीज त्याच्या स्वतःच्या आकड्याच्या x पट येते का, ते पाहायचे. बेंझीनवर क्रमाने 2, 1, −1, −2, −1, 1 लिहिल्यास ती सगळीकडे एक पट येते, म्हणून x = 1. सगळी मूल्ये 2, 1, 1, −1, −1, −2 अशी आहेत. सहा इलेक्ट्रॉन खालच्या तीन पातळ्यांत जोडीने बसतात आणि एकूण ऊर्जा 6α + 8β होते. तीन सुट्या दुहेरी बंधांची ऊर्जा 6α + 6β असते, म्हणून 2β इतका फायदा उरतो.

आता चार कार्बनचे वलय, म्हणजे सायक्लोब्युटाडाईन घेऊ. तिथे मूल्ये 2, 0, 0, −2 आहेत. दोन इलेक्ट्रॉन खाली बसल्यावर उरलेल्या दोघांच्या वाट्याला शून्याच्या दोन सारख्या पातळ्या येतात. एकूण 4α + 4β, म्हणजे दोन सुट्या दुहेरी बंधांइतकेच. फायदा काहीच नाही. उलट, तेच चार कार्बन सरळ साखळीत असतील तर सुमारे 4α + 4.47β मिळतात. प्रत्यक्षातला रेणू चौरस राहत नाही, आयताकृती होतो. लहान बाजूंच्या जोडणीची किंमत s आणि लांब बाजूंची t धरली, तर मूल्ये ±s ± t होतात आणि शून्याची ती जोडी फुटते. इलेक्ट्रॉनांची बेरीज 2(s + t) + 2(s − t), म्हणजे 4s येते. त्या बेरजेतून t नाहीसा होतो. अर्थात दोन दुहेरी बंध आपापल्या जागी अडकून राहतात. हा पदार्थ एकेकटे रेणू कोंडून ठेवले तरच टिकतो, उदाहरणार्थ अतिशीत घन आर्गॉनमध्ये; एरवी दोन रेणू लगेच एकमेकांशी जोडले जातात.

मात्र निव्वळ बेरजेवरही विसंबू नये. आठ कार्बनच्या वलयासाठी ती सुमारे 1.66β फायदा दाखवते, तरी सायक्लोऑक्टाटेट्राईन सपाट नसून टबाच्या आकाराचे असते. सपाट वलय गृहीत धरणाऱ्या या मॅट्रिक्सला बंधकोनांवरचा ताण दिसत नाही. पण शून्यावरच्या दोन अर्ध्या भरलेल्या पातळ्या तो इथेही स्पष्ट दाखवतो. त्याच रेणूला दोन इलेक्ट्रॉन जादा दिले की त्या पातळ्या भरतात आणि वलय खरोखरच सपाट होते.