ग्रॅच्युइटीतून कापलेले पैसे आणि दाद मागायचे नेमके ठिकाण

माझे भाऊजी ३१ मे २०२२ रोजी राज्य शासनाच्या एका कार्यालयातून वरिष्ठ लिपिक म्हणून सेवानिवृत्त झाले. निवृत्तीच्या तोंडावर त्यांचे सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेले आणि २०१२ साली आश्वासित प्रगती योजनेचा, म्हणजे पदोन्नती न मिळताही ठरावीक सेवेनंतर वरच्या वेतनश्रेणीचा, लाभ देताना वेतननिश्चितीत एक वेतनवाढ जास्त दिली गेली, असा आक्षेप लागून परत आले. कार्यालयाने दहा वर्षांचे अतिप्रदान, म्हणजे जादा दिलेली रक्कम, काढले आणि २,३६,४८० रुपये ग्रॅच्युइटीतून कापून घेण्याचा आदेश २० सप्टेंबर २०२२ रोजी काढला. शिवाय शेवटचे मूळ वेतन ४७,६०० ऐवजी ४६,२०० धरल्यामुळे मूळ निवृत्तिवेतन दरमहा ७०० रुपयांनी कमी झाले.

या प्रकरणात आमची चूक झाली ती वेळेच्या हिशेबात. भाऊजींनी ७ नोव्हेंबर २०२२ रोजी कार्यालयप्रमुखांना निवेदन दिले, उत्तर आले नाही, म्हणून पाच स्मरणपत्रे दिली, एका पेन्शन अदालतीत नाव नोंदवले आणि तिथे ‘संबंधित कार्यालयाकडे अहवाल मागविण्यात येत आहे’ एवढा शेरा मिळवला. प्रत्येक स्मरणपत्राची पोच ते प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारीखवार लावत असत, आणि फाइल जाड होत चालली म्हणजे प्रकरण पुढे सरकते आहे असे आम्हा सर्वांनाच वाटत होते. प्रत्यक्षात तसे काही नव्हते. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २० आणि २१ नुसार निवेदनावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, तर त्यानंतरच्या एका वर्षात, सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. म्हणजे ७ मे २०२३ रोजी सहा महिने संपले आणि ७ मे २०२४ पर्यंत दार उघडे होते. नंतरच्या स्मरणपत्रांनी ही मुदत एका दिवसानेही वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. एस. राठोड प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण त्यासाठी पटणारे कारण द्यावे लागते, आणि ‘उत्तराची वाट पाहत होतो’ हे कारण फारसे पटत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये कुणीतरी सुचवले म्हणून लोकायुक्तांकडे तक्रार केली. तो सल्ला सर्वस्वी चुकीचा नव्हता. महाराष्ट्राच्या १९७१ च्या लोकायुक्त कायद्याने सेवाविषयक बहुतेक बाबी चौकशीच्या बाहेर ठेवल्या असल्या, तरी निवृत्तिवेतन, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीचे दावे त्या अपवादातून मुद्दाम वगळले आहेत. त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद वर्षभर कुणाच्या टेबलावर पडून असतील आणि नकार असा कुणी दिलेलाच नसेल, तर लोकायुक्तांचे पत्र गेल्यावर टेबल हलते. मात्र दोन गोष्टी आम्हाला माहीत नव्हत्या. न्यायाधिकरणात किंवा न्यायालयात दाद मागण्याची सोय असेल, तर पुरेशा कारणाशिवाय लोकायुक्त सहसा चौकशी करत नाहीत. दुसरे असे की, चौकशी झाली तरी शेवटी सक्षम प्राधिकाऱ्याला अन्याय दूर करण्याची शिफारस होते आणि ती पाळली गेली नाही तर राज्यपालांकडे विशेष अहवाल जातो. वसुलीचा आदेश रद्द करणे त्यांच्या हाती नाही. आमची तक्रार ‘पर्यायी उपाय उपलब्ध’ या शेऱ्यासह परत आली, तोवर डिसेंबर उजाडला होता. (बँकेच्या लोकपालाचा प्रश्नच नव्हता. रक्कम कार्यालयाने कापली होती, बँकेने नव्हे. मंजूर पेन्शन बँकेने उशिरा जमा केली असती, तर गोष्ट वेगळी होती.)

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठात, ज्याला आपण सगळे ‘मॅट’ म्हणतो, मूळ अर्ज दाखल झाला. आधार होता सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा रफिक मसीह प्रकरणातील निकाल. वर्ग तीन व चारच्या कर्मचाऱ्यांकडून, सेवानिवृत्तांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, तसेच वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ चुकीने दिले गेलेले जादा वेतन वसूल करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. भाऊजी या तिन्हींत बसत होते. अर्थात कर्मचाऱ्याने स्वतः खोटी माहिती देऊन लाभ घेतलेला नसावा.

शासनाची बाजू मांडणाऱ्या सादरकर्ता अधिकाऱ्यांच्या लेखी जबाबात मात्र एक कागद जोडलेला होता, तो म्हणजे भाऊजींच्या सहीचे २००९ चे हमीपत्र, ‘जादा प्रदान झाल्यास परत करीन’ असे लिहिलेले. शासनाचा भर असतो तो २०१६ च्या जगदेवसिंह निकालावर, ज्यात हमीपत्र दिलेल्या अधिकाऱ्याकडून वसुली योग्य ठरवली गेली. ताई ते वाचून घाबरली. “सही तर यांचीच आहे रे, आता काय बोलणार?” असे ती मला म्हणाली. आमच्या वकिलांनी दोन गोष्टी मांडल्या. जगदेवसिंह हे न्यायिक अधिकारी होते, लिपिक नव्हते. आणि भाऊजींचे हमीपत्र सहाव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीपुरते होते, तर चूक झाली ती २०१२ च्या वेगळ्या आदेशात. त्या आदेशाच्या वेळी हमीपत्र घेतलेलेच नव्हते. म्हणून माझे सांगणे असे की, हमीपत्राचे नाव निघताच हातपाय गाळण्याऐवजी सेवापुस्तकातली त्याची प्रत मागावी आणि तारीख व मजकूर वाचावा.

२०२५ च्या मध्यात निकाल लागला. वसुलीचा आदेश रद्द झाला आणि दोन महिन्यांत रक्कम परत करावी, न केल्यास व्याज द्यावे, असा आदेश झाला. न्यायाधिकरण असा आदेश देऊ शकते, सुनावणी चालू असताना वसुलीला अंतरिम स्थगिती देऊ शकते आणि आदेश पाळला नाही तर कलम १७ खाली अवमानाची कारवाईही करू शकते. पैसे कापले जाण्यापूर्वीच आम्ही गेलो असतो, तर स्थगितीचा उपयोग झाला असता.

पण ७०० रुपये परत आले नाहीत. वसुली थांबणे म्हणजे वेतननिश्चिती बरोबर होती असे ठरणे नव्हे. चूक खरी असेल तर पुढच्या निवृत्तिवेतनासाठी ती दुरुस्त करता येते, असेच न्यायाधिकरणाने मानले. निश्चिती मुळात बरोबर होती असे कुणाचे म्हणणे असेल, तर ती मागणी अर्जात वेगळी लिहावी लागते. आम्ही ती लिहिली नव्हती. दरमहा कमी मिळणारी पेन्शन हा चालू राहणारा अन्याय धरला जातो, त्यामुळे ती दाद उशिराही मागता येते, पण थकबाकी साधारणतः दाव्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. ग्रॅच्युइटीतून एकदाच झालेल्या कपातीला ही सवलत लागू होत नाही.

शासन उच्च न्यायालयात जाईल की काय, ही धास्ती होती. १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालापासून मॅटच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाकडे रिट याचिका करता येते, आणि तिथे स्थगिती मिळाली की पैसे पुन्हा अडकतात. तसे झाले नाही. अवमानाची नोटीस देऊ, असे वकिलांचे पत्र गेल्यावर तीन आठवड्यांत देयक कोषागारात पोहोचले.

परवा आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी हीच कहाणी ऐकून स्वतःची फाइल घेऊन आले. ते जिल्हा परिषदेचे शिक्षक, थेट राज्य शासनाचे कर्मचारी नव्हेत, त्यामुळे मॅटमध्ये त्यांचा अर्ज चालणार नाही. त्यांना थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातच याचिका करावी लागेल. फाइलमध्ये अकरा निवेदनांच्या पोचा होत्या. वसुलीच्या आदेशाची प्रत नव्हती. ती आधी मागवायला सांगितली आहे.