सोळाव्या वर्षी उंच व्हायला विसरू नका

गेल्या आठवड्यात ऑफिसात नेतृत्वविकासाची कार्यशाळा झाली. पाहुण्या प्रशिक्षकांनी पडद्यावर आकडा झळकवला : उंचीच्या दर इंचामागे वर्षाला 789 डॉलर जादा. मग दोन तास नुसतं 'प्रेझेन्स, प्रेझेन्स'. शेवटी ग्रुप फोटो. "सर, तुम्ही जरा पुढे खाली बसता का?" मी पाच फूट दोन इंच, वय बावन्न, गुडघ्यांची बोंब. बसलो. मागच्या उंच गृहस्थांनी आपली फाईल माझ्या डोक्यावर टेकवली, तीही फोटोत आली आहे.

तर माझ्या बुटक्या बंधुभगिनींनो, चार हिताच्या गोष्टी ऐका.

उंच व्हा. आकडा खोटा नाही हो. जज आणि केबल या दोन संशोधकांनी 2004 साली अमेरिका-ब्रिटनमधल्या चार पाहण्यांवरून तो काढला, तोही लिंग, वय आणि वजन यांचा हिशेब वेगळा करून. साडेपाच फुटी माणसाने सहा इंच वाढवले की वर्षाला 4,734 डॉलर. लटका दाराला!

मात्र वेळेत वाढा. त्याच 2004 साली पर्सिको, पोस्टलवेट आणि सिल्व्हरमन यांनी ब्रिटन आणि अमेरिकेतल्या गोऱ्या पुरुषांची माहिती चाळली. समजा, दोघं आज पाच फूट अकरा आहेत. एक सोळाव्या वर्षीच ताडासारखा वाढलेला, दुसरा तेव्हा वर्गात सगळ्यांत लहान दिसायचा आणि शाळा सुटल्यावर उंच झाला. खुर्चीत बसल्यावर मुलाखत घेणाऱ्याला दोघं सारखेच दिसणार. तरी सरासरीने पगार पहिल्याचा जास्त. सोळाव्या वर्षीची उंची हिशेबात धरली की आजच्या उंचीचा प्रभाव जवळपास उरतच नाही! म्हणजे साहेब ज्या उंचीकडे बघून भारावतात, पैसे तिचे नाहीतच. संशोधकांचा अंदाज असा की उंच पोरं खेळांच्या संघात, मंडळांत शिरतात आणि तिथे चारचौघांत वावरायला शिकतात. तेव्हा मागे जाऊन सोळा वर्षांचे व्हा, संघात घुसा आणि परत या.

तेही चुकलं असेल तर आणखी मागे जा. केस आणि पॅक्सन यांनी 2008 मध्ये दाखवलं की तिसऱ्या वर्षी, शाळेचं तोंडही पाहिलेलं नसताना, उंच मुलं बौद्धिक चाचण्यांत सरासरीने पुढे असतात. कारण गर्भात आणि पहिल्या काही वर्षांत पोट भरलं, आजारपणं टळली, तर हाडंही वाढतात आणि मेंदूही. लहानपणचे हे गुण हिशेबात घेतले की उंचीचा म्हणून जो पगार दिसतो, त्यातला बराचसा गळून जातो. थोडा उरतो, नाकारत नाही मी. पण मग त्या पडद्यावर 'इंच' कशाला लिहिलं? 'बाळाला वेळेवर जेवण' लिहायचं होतं! ते लिहिलं तर कार्यशाळेची फी कोण देणार, नाही का?

बढती घ्या, उंची आपोआप वाढते. 1968 साली विल्सन यांनी एकच पाहुणा विद्यार्थ्यांच्या वेगवेगळ्या गटांपुढे उभा केला, कुठे विद्यार्थी म्हणून, कुठे प्राध्यापक म्हणून. तो गेल्यावर उंचीचा अंदाज विचारला, तर प्राध्यापकसाहेब अडीच इंचांनी उंच भरले. आधी खुर्ची, मग इंच.

शाळेत असाल तर मार खाऊ नका. इथे पुरावा दोन तोंडांनी बोलतो. 2000 सालच्या एका ब्रिटिश पाहणीत बुटक्या मुलांनी, विशेषतः मुलग्यांनी, आपला छळ होतो असं जास्त प्रमाणात सांगितलं. 2004 साली अमेरिकेत 956 विद्यार्थ्यांकडून एकमेकांबद्दल जाणून घेतलं, तर मैत्रीत आणि वर्गातल्या स्थानात उंचीने फारसा फरक पडलेला दिसला नाही. एका ठिकाणी सोसणाऱ्याला विचारलं, दुसऱ्या ठिकाणी वर्गाला. उत्तरं वेगळी येणारच. पण आपण काय करतो? बुटक्या पोराला डॉक्टरकडे नेतो. अमेरिकेत तर 2003 पासून संप्रेरकाची कमतरता नसलेल्या फार बुटक्या मुलांनाही वाढीची इंजेक्शनं द्यायला परवानगी आहे. वर्षानुवर्षं टोचून घ्यायचं, थोडे सेंटिमीटर मिळवायचे. आणि ज्याने बाकावरून ढकललं त्याला काय टोचलंत? काही नाही. तो मस्त वाढतोय. उद्या त्याच्यातच तुम्हाला 'प्रेझेन्स' दिसणार आहे.

बास झालं आता, साहेब. सरासरी हजारोंच्या गर्दीची असते, समोर बसलेल्या एका माणसाबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही. हे न कळण्याइतके तुम्ही अडाणी नाही. तरी मूल्यमापनाच्या फॉर्मवर 'व्यक्तिमत्त्वाची छाप पडत नाही' असं लिहिता. गेल्या वर्षी माझ्या फॉर्मवर हेच लिहिलं होतं, कामाबद्दल एक ओळ नव्हती. संशोधनाच्या नावाखाली स्वतःची खोड खपवू नका. आणि ती फाईल माझ्या डोक्यावरून उचला.