कळावे, लोभ असावा

डेटिंग ॲपवर मॅच झाली की पहिला मेसेज मामलेदार कचेरीत अर्ज द्यावा तसा लिहा. 'नमस्कार. आपली प्रोफाइल पाहिली. परिचय करून घेण्याची इच्छा आहे. हरकत नसल्यास कळवावे.' हा मजकूर पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुणालाही जसाच्या तसा चालतो. बिचारीने प्रोफाइलमध्ये काय लिहिलंय, तेही वाचावं लागत नाही. उत्तरात तिला 'हरकत नाही' यापलीकडे काही सुचणार नाही, म्हणजे संभाषणाचाही त्रास मिटला.

अर्ज रुक्ष वाटला, तर काव्याकडे वळा. 'मांडवीत चंद्र पाहिला, मग तुझा डीपी पाहिला, आणि चंद्र लाजला.' रूपाची स्तुती केली की विषय तिथेच संपतो. 'थँक्स' लिहून ती मोकळी, तुम्हीही मोकळे.

माझ्या फोंड्याच्या मित्राला हे पटलं नाही. एका मुलीचा फेरीबोटीवरचा फोटो होता. कठड्याला टेकलेली, मागे खारफुटी, खाली 'चोडणला घरी जाताना' असं लिहिलेलं. मी म्हटलं, डोळ्यांवर लिही. यानं लिहिलं, 'हा फोटो रो-रोवरचा की जुन्या फेरीबोटीवरचा? मी परवा घाईत रो-रो पकडली आणि पोचल्यावर कळलं, मला रायबंदरलाच थांबायचं होतं.'

आता यात काय आहे, सांगा! रायबंदर-चोडण मार्गावर २०२५ पासून रो-रो धावते, हे गोव्यात कुणाला ठाऊक नाही? शिवाय पठ्ठ्या स्वतःचीच फजिती सांगून बसला. प्रश्न असा, की फेरीची वाट बघता बघता एका अंगठ्यानं उत्तर देता येईल. 'तुम्ही' लिहावं तर मुलाखत वाटते, 'तू' लिहावं तर सलगी. मी त्या पेचात तीन दिवस घालवतो. यानं वाक्यच असं रचलं, की दोन्हींची गरज पडली नाही. याला मी पळवाट म्हणतो.

उत्तर आलं, 'जुन्या. रो-रो इतक्या लवकर पोचते, की बगळे बघायला वेळच मिळत नाही. पण रायबंदरला काय काम होतं?' बघा, आता त्याला रायबंदरचं काम सांगत बसावं लागणार. आणि पुढच्या वाक्यात 'तू'च आलं, तिच्याकडूनच.

तुम्ही असल्या भानगडीत पडू नका. अर्ज पाठवा, दोन तास थांबा, मग नुसतं प्रश्नचिन्ह पाठवा. संध्याकाळी 'बिझी दिसतेस', रात्री 'ठीक आहे, समजलो'. सगळं संभाषण एकट्यानं पार पडतं, भांडणासकट.

मी गेल्या मंगळवारी असाच एक अर्ज पाठवलाय. पोच अजून आलेली नाही. शेवटी 'कळावे, लोभ असावा' लिहायचं राहिलं, त्यामुळेच असणार. आज दुरुस्तीपत्र पाठवतो.