मुंबईचे नाव पोर्तुगीजांनी ठेवलेले नाही

“मुंबई हे नाव पोर्तुगीजांच्या ‘बॉम बाहिया’ म्हणजे ‘चांगला उपसागर’ यावरून आले. वसई, वांद्रे, जंजिरा ही नावेही परक्यांचीच. तिथल्या लोकांजवळ आपली नावे नव्हतीच.”

देवळी तालुक्यातल्या आमच्या गावात हा मजकूर मोबाइलवर फिरला आणि माझ्या भाचीने तो शाळेच्या निबंधात जसाच्या तसा उतरवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पोर्तुगीज भाषेत उपसागराचा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याला ‘चांगला’ हे विशेषण लावायचे तर ‘बोआ’ होईल, ‘बॉम’ होणार नाही. स्वतःच्या भाषेत लिंग चुकवून कोणी बंदराचे नाव ठेवत नाही. त्याहून मोठा पुरावा काळाचा आहे. वसई आणि मुंबई पोर्तुगीजांच्या हाती 1534 नंतर आली, पण दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजानेच 1516 च्या सुमारास या किनाऱ्याचे वर्णन करताना ‘ताना-मायांबू’ असे लिहून ठेवले आहे. त्यातले ‘ताना’ म्हणजे ठाणे आणि ‘मायांबू’ म्हणजे मुंबई, अर्थात त्याने कानावर पडलेले नाव टिपले. यूल आणि बर्नेल यांनी 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ही व्युत्पत्ती व्याकरण आणि इतिहास या दोन्ही कारणांनी फेटाळली; तरी ती अजून पसरवली जाते, याचा संताप येतो.

एवढे मान्य करावे लागेल की ‘बॉम्बे’ या रूपातला ‘ब’ पोर्तुगीजांच्या ‘बोंबाईं’मधून इंग्रजांकडे गेला. पोर्तुगीजांनी वसईचे ‘बासाईं’ आणि वांद्र्याचे ‘बांदोरा’ केले, तेही असेच. पण दप्तरातले रूप म्हणजे गावाचे नाव नव्हे. मोगलांच्या आणि इंग्रजांच्या कागदांत आपल्या वऱ्हाडाचे ‘बेरार’ झाले, म्हणून वऱ्हाड हे नाव त्यांनी दिले असे आपण म्हणतो का? वसईकर वसईच म्हणत राहिले.

जंजिऱ्याची गोष्ट मात्र खरोखर वेगळी आहे, आणि ती या मजकुरात नीट सांगितलेलीच नाही. अरबीत ‘जझीरा’ म्हणजे बेट. हा शब्द फारसी राज्यकारभारातून मराठीत आला, त्यात अनुस्वार शिरला, आणि मग तो एका किल्ल्यापुरता न राहता पाण्यातल्या कोणत्याही दुर्गाला लागू झाला. म्हणून मराठी कागदपत्रांत ‘जंजिरे सिंधुदुर्ग’, ‘जंजिरे विजयदुर्ग’ अशी रूपे भेटतात. लोकांजवळ नाव नव्हते म्हणून तो घेतला गेला, असे नाही. सिद्दीची सत्ता, आरमार आणि कागद जिथे होते, तिथे तो शब्द रुजला. त्याच जंजिरा किल्ल्यासमोर किनाऱ्यावर असलेली गावे तेव्हाही मुरूड आणि राजपुरीच होती, आणि आजही आहेत.