सर्व प्रकारच्या चुका मिळतील

आमच्या बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि दुकानाचा कॅटलॉग बाबांच्या डोक्यात आहे. गिऱ्हाईक येऊन म्हणतं "ते हे द्या हो, दाराला मागून असतं ते", की बाबा न बघता हात वर करतात आणि फळीवरून बरोबर तेच काढतात. अडचण एवढीच की बाबा जेवायला गेले की कॅटलॉग पण जेवायला जातो आणि दुकानातला पोरगा गिऱ्हाइकाला सांगतो, "अर्ध्या तासाने या, मालकांना माहितेय."

म्हणून मी ठरवलं की ऑनलाईन कॅटलॉग करायचा. लोकांनी घरी बसून बघावं, नंबर कळवावा, माल काढून ठेवावा, संपलं. बाबांचं म्हणणं, "खिळे काय फोटो बघून घेतात का लोक? उद्या सिमेंटचं चित्र बघून भिंत बांधतील." मी लक्ष दिलं नाही. उत्साहात होते.

पहिले तीन दिवस मी आणि पोरगा डबे उघडतोय आणि मी एक्सेलमध्ये भरतेय. साईजच्या रकान्यात 1/2 लिहिलं, 3/4 लिहिलं, 3/8 लिहिलं, मान खाली घालून दोनशे ओळी भरल्या आणि मान वर केली तर आमचा अर्धा इंची पाईप 1 फेब्रुवारी झाला होता, पाऊण इंची 3 एप्रिल, आणि पाव इंची सगळा माल थेट 1 एप्रिल, म्हणजे एक्सेलनेच मला एप्रिल फूल केलं. मग मी शहाणपणा करून तो सगळा रकाना निवडला आणि फॉरमॅट टेक्स्ट केला, तर तारखा गेल्या आणि पाच आकडी नंबर आले, कारण एक्सेल तारीख म्हणजे 1900 सालापासूनचे दिवस मोजून ठेवतं आणि वरचं रूप काढलं की ते मोजलेले दिवस दिसतात. म्हणजे मी लिहिलेलं 1/2 केव्हाच गेलं होतं. रकाना आधी टेक्स्ट करायचा आणि मग लिहायचं, हे मला दोनशे ओळींनंतर कळलं. बाबा मागून डोकावले, स्क्रीनवर 45689 बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या पाईपातून धरण जाईल."

नावांचा घोळ वेगळाच. मी "वॉशर" लिहिलं, लोक शोधतात "वायसर". मी "हिंजेस" लिहिलं, लोक शोधतात "बिजागरी". बारक्या खिळ्यांना आमच्याकडे सगळे चुका म्हणतात म्हणून मी त्या विभागाला आपलं सरळ नाव दिलं आणि पानावर आलं, "चुका: आमच्याकडे सर्व प्रकारच्या चुका मिळतील." मैत्रिणीने स्क्रीनशॉट काढून सगळीकडे पाठवला. मला बदलायचं होतं पण बाबा पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलले, "राहू दे, बरोबर आहे, चुकाच आहेत त्या."

पण माझी खरी चूक अजून यायची होती. तिचं वजन किलोत नव्हतं, मिलिमीटरमध्ये होतं. लोकांकडे पट्टी असते, पट्टीवर मिलिमीटर असतात, म्हणून मी एक फॉर्म्युला लावला, प्रत्येक इंचाला 25.4 ने गुणा, आणि सगळ्या फिटिंगसमोर मिलिमीटर छापून टाकले. अर्धा इंची म्हणजे 12.7, पाऊण इंची म्हणजे 19.05. किती नीटनेटकं दिसत होतं काय सांगू.

चार दिवसांनी एक काका आले, हातात पाऊण इंची एल्बो, चेहरा लाल. घरच्या लोखंडी पाईपला बाहेरून पट्टी लावली तर 21 आले, आमच्या कॅटलॉगमध्ये 21 च्या सगळ्यात जवळचा आकडा 19, म्हणून पाऊण इंची एल्बो नेला, आणि तो पाईपवर असा लटपटला की आटे लागायची गोष्टच नाही. बाबांनी एल्बो बघितला, आकडे बघितले, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुकान विकलं.

"अर्धा इंची पाईपात अर्धा इंच कुठे असतं गं?"

मी म्हणलं, "म्हणजे?"

"अर्धा हे त्याचं नाव आहे. माप नाही."

आणि खरंच, वर्नियर लावून बघितलं. अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप, बाहेरून 21.3 मिलिमीटर, आतून साधारण 16. अर्धा इंच म्हणजे 12.7, तो ना बाहेर ना आत. पूर्वी कधीतरी पाईपाच्या आतल्या भोकावरून नाव पडलं, पुढे पत्रा पातळ झाला, पण आटे जुळायला हवेत म्हणून बाहेरचं माप तसंच ठेवलं, आणि नाव मागे राहिलं ते राहिलंच. वर गरम पाण्याचा तो क्रीम रंगाचा सीपीव्हीसी असतो, त्याचा अर्धा इंची बाहेरून फक्त 15.9. दोघांचंही नाव अर्धा. एकाच आडनावाची दोन घरं, ओळख नाही पाळख नाही.

काकांना बाबांनी एल्बो बदलून दिला आणि जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी दोरी गुंडाळून आणा." मी विचारलं दोरी कसली. तर बाबा गेली कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगतायत, पाईपला दोरी एक वेढा गुंडाळा, जिथे टोक मिळतं तिथे कापा आणि तेवढा तुकडा घेऊन या, बाबा तो लाकडी गल्ल्यावर मारलेल्या खुणांवर धरतात आणि साईज सांगतात. मला वाटायचं गल्ल्याला वाळवी लागलीय.

त्या रात्री मी बसून खुणा मोजल्या. जीआयचा अर्धा 6.7 सेंटिमीटर, पाऊण 8.5, एक इंची 10.6. सीपीव्हीसीचा अर्धा 5, पाऊण 7. इथे बाबांनी मला थांबवलं, "6.7 आणि 7 मध्ये फरक केवढा? दोरी जरा ताणली की गेलं. आधी लोखंडी का प्लास्टिक ते विचार, आणि दोरी नको सांगू, कागदाची पट्टी सांग, ती ताणली जात नाही. आणि गंज खरवडायला सांग." म्हणजे बाबा कॅटलॉग लिहायला बसले होते, फक्त त्यांना ते अजून माहिती नव्हतं.

माझे 25.4 वाले सगळे आकडे उडवले, त्याजागी कागदाच्या पट्टीचा फोटो आणि तो तक्ता टाकला. दोन दिवसांनी एकाने त्यावरून मोजून सहा अर्धा इंची एल्बो मागवले, पोराने पोचवले. बाबा त्या माणसाची वाट बघत बसले. संध्याकाळपर्यंत बघितली. दुसऱ्या दिवशीही बघितली. गल्ल्याखाली एक डबा आहे, परत आलेल्या मालाचा, फाटक्या पाकिटांनी भरलेला, ते तो डबा रिकामा करून तयार ठेवून बसले होते. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "तो आला नाही गं."

आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं कौतुक नाही.

तेव्हापासून मला झोप नाही. रात्री साडेअकराला दारावर टकटक, "वायसरला काही लोक चकती पण म्हणतात, लिही." पहाटे, "सॉकेटला कपलिंग पण लिही, नाहीतर सापडायचं नाही." फोटोत नट उलटा दिसतोय म्हणून पुन्हा काढायला लावला, आणि नट दोन्हीकडून सारखाच असतो हे ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

काल दुकानात फोन आला, कोणीतरी विचारत होतं चुका आहेत का. बाबा मोठ्या रुबाबात म्हणाले, "ऑनलाईन बघा की, सगळ्या आहेत. आमच्या मुलीने स्वतः केल्यात."