परदेशातून: तीन आठवड्यांतला 'मिस यू'

"ताई, तीनच आठवडे झालेत. तो कामासाठी नागपूरला गेलाय आणि काल रात्री साडेअकराला 'मिस यू' आला. आवडतो मला, पण 'मिस यू टू' खोटं वाटतं आणि नुसतं हार्ट थंड. काय लिहू?" - मावसबहीण, पुणे

अगं, आधी हे बघ की त्याने काही विचारलेलं नाहीये, फक्त सांगितलंय, त्यामुळे हिशोब चुकता करायची घाई नाही. जे खरंच वाटलं तेवढंच लिही, म्हणजे "वाचून छान वाटलं. परवा तू त्या रिक्षावाल्याशी घातलेला वाद आठवून आज ऑफिसात एकटीच हसले. रविवारी आलास की कॉफी?" यात प्रेमळपणा त्या रिक्षावाल्यामुळे येतो, कारण ते फक्त त्याच्याबद्दलच आहे, कोणालाही फॉरवर्ड करता येणार नाही. आणि वचन रविवारच्या कॉफीपुरतंच.

इथे बर्लिनमध्ये माझ्या ओळखीत लोक दोन-तीन महिने आरामात एकमेकांना नुसते भेटत असतात आणि त्या काळाला केनेनलर्नफाज म्हणतात, घाई केली की समोरचाच दचकतो. माझी कलीग म्हणाली, सरळ सांगावं की अजून तेवढं वाटत नाही. अर्धं बरोबर आहे तिचं, पण असला खुलासा रात्री साडेअकराला टाइप केला की तो नकारच वाचला जातो, आणि पुण्यात तर त्याचा स्क्रीनशॉट सकाळपर्यंत मित्रांच्या ग्रुपवर गेलेला असतो. तो खुलासा समोर बसून कर, चौथ्या-पाचव्या आठवड्यात.

आपल्याकडे मात्र दुसरं टोक. मावशीने ऐकलं आणि विचारलं, "मुलाच्या घरचे कुठले?" मग स्वतःच्या साखरपुड्यानंतरची पत्रं काढून बसली! मावशी, तुमचं तेव्हा ठरलेलं होतं हो.

"एवढ्यात?" असली थट्टा नको, तो पुढच्या वेळी काही बोलणारच नाही. मुद्दाम सहा तास थांबूनही उत्तर देऊ नकोस. आणि मन राखायला 'टू' लिहिलंस तर उद्यापासून रोजचा गुड मॉर्निंग चालू होईल, मग कॉल, आणि तुला नको असताना थांबवणं अवघड.

तुझ्या रिप्लायनंतर काय येतं ते बघ. "हाहा, तो रिक्षावाला! रविवार पक्का" आलं तर विषय संपला. "बस एवढंच?" आलं, तर मग एकदाच लिही, "मला जरा हळू जमतं, पण भेटायची उत्सुकता आहे, बाकी रविवारी बोलू." तरी रोज तेच चालू राहिलं तर तो तुझी वेळ मान्यच करत नाहीये, ते लक्षात घे.

माझ्या नवऱ्याला हे पटत नाही, तो म्हणतो कॉफी आपणहून सुचवणं म्हणजेच आशा लावणं. मला वाटतं तुला खरंच भेटायचं असेल तर नाही. नसेल भेटायचं, तर ते वाक्य काढूनच टाक.